नेत्राच्या दुधात पाणी नव्हतं

कोन गावच्या दूध संस्थेत मी हिशेब बघते. राघोकाकांनी पासबुक माझ्यापुढे टाकलं. "बघ प्रमोदिनी, आठ दिसांत पैसं घटलं. ही सून दुधात पानी घालते. आज तिला माहेरी धाडतो."

नेत्रा मागे उभी होती, डोळे रडून सुजलेले.

मी पान उघडलं. "काका, फॅट सहा पॉइंट आठवरून सहा पॉइंट एकवर आलंय, म्हणून लिटरमागे चार रुपयांनी दर उतरला. पेंडीच्या गोणीची कपात वेगळी. आता हा एसएनएफ बघा, म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग. तो नऊवर होता, नऊवरच आहे. पाणी घातलं असतं तर दोन्ही आकडे पडले असते."

"मंग फॅट गेलं कुठं?"

"म्हशीला पारडू कधी सोडता?"

"आठ दिस झालं, शेवटचं दूध त्यालाच ठेवतो. मीच सांगितलं तसं."

"शेवटच्याच धारेत फॅट जास्त, काका. ते पारडू पितंय."

काकांनी पासबुक मिटून खिशात घातलं. मग नेत्राला म्हणाले, "तू बोललीस का न्हाय?"

"बोलू कधी दिलंत, मामा?" नेत्राला रडता रडता हसू आलं.

"चल घरी," काका म्हणाले. "सकालपासून उपाशी हायस."