चौकटीतलं चिन्ह

प्रोजेक्ट तपासणाऱ्या मॅडमची पेन्सिल तिसऱ्या शीटवर थांबली आणि बिनचूक पुढे सरकली.

मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षात तिला हे नाव पडलं होतं. प्रत्येक माप ती तीन वेळा ताडून बघायची, दुसऱ्यांच्या जर्नलमधल्या चुकाही न विचारता दाखवायची, म्हणून वर्गाने चिडवायला ठेवलेलं नाव. हळूहळू ते इतकं अंगवळणी पडलं की आता ती त्यालाच ओ द्यायची.

"हे चिन्ह कोणी टाकलं?" मॅडमनी विचारलं.

शीटच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात टायटल ब्लॉक होता. भागाचं नाव, मटेरियल, स्केल, मापं मिलिमीटरमध्ये, तारीख, कोणी काढलं, कोणी तपासलं, सगळं आपापल्या चौकटीत. त्यांतल्या एका लहान चौकटीत दोन वर्तुळं, एकात एक, आणि त्यांच्या उजवीकडे टोक छाटलेला शंकू. मॅडमनी त्या चौकटीभोवती पेन्सिलने गोल केला.

बिनचूकने वाकून बघितलं. वस्तूची चित्रं कागदावर मांडायच्या दोन पद्धती, फर्स्ट अँगल आणि थर्ड अँगल. फर्स्ट अँगलच्या चिन्हात शंकू डावीकडे असतो आणि वर्तुळं उजवीकडे. इथे वर्तुळं आधी होती. हे थर्ड अँगलचं चिन्ह.

"पण मॅडम, मी व्ह्यूज फर्स्ट अँगलमध्येच काढलेत."

"ते दिसतंय मला. टॉप व्ह्यू फ्रंटच्या खाली आहे, डावीकडून दिसणारा व्ह्यू उजवीकडे आहे. छान काढलंयस. पण खाली पाटी दुसऱ्याच घराची लावलीस." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "अहवालासाठी परत छापून आण, सही करते. वर्कशॉपला तर नाही ना गेली ही शीट?"

बिनचूकने घड्याळाकडे बघितलं. शीटची दुसरी प्रत सकाळी साडेनऊलाच वर्कशॉपला गेली होती. आता दुपारचे दीड वाजत होते.

"गेली," ती म्हणाली.

"मग इथे काय उभी राहिलीस?"

स्टाफरूमपासून वर्कशॉपपर्यंत दोन जिने आणि एक लांबलचक पटांगण. पायऱ्या उतरताना तिच्या डोक्यात तो ब्रॅकेट उलटासुलटा फिरत होता. त्यांचा प्रोजेक्ट म्हणजे पाइप वाकवायचं हातयंत्र. शुक्रवारी सकाळी बाहेरचे परीक्षक येणार, त्यांच्यासमोर पाइप वाकवून दाखवायचा. सगळे भाग तयार होते, राहिला होता हा एक ब्रॅकेट. आडवा तळ, डाव्या टोकाला उभी भिंत, समोरून बघितलं तर इंग्रजी एल. भिंतीत रोलरच्या दांड्याचं भोक मध्यापेक्षा मागे सरकवलेलं, आणि तळाचा मागचा कोपरा छाटलेला, रोलर फिरताना तिथे अडकू नये म्हणून. स्टोअरमध्ये त्या मापाचा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा एकच होता. स्टोअरवाल्यांनी तो देतानाच बजावलं होतं, दुसरा यायला पंधरा दिवस.

थर्ड अँगलमध्ये ज्या बाजूने बघाल त्याच बाजूला चित्र काढायचं, फर्स्ट अँगलमध्ये त्याच्या विरुद्ध बाजूला. म्हणजे त्या चिन्हावर विश्वास ठेवून कोणी शीट वाचली, तर खालचं चित्र त्याला खालून बघितलेलं वाटणार. मग मागचं सगळं पुढे येणार. भोक पुढे, छाटलेला कोपरा पुढे. ब्रॅकेट आरशातला तयार होणार, आणि आरशातला ब्रॅकेट कितीही फिरवला तरी खऱ्या जागी बसत नाही. तिच्या आईने एकदा घाईत एका झग्याच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या होत्या. कापड तेवढंच होतं. आई अर्धा तास त्या दोन बाह्यांकडे बघत बसली होती. ते तोंड आता तिला पटांगणभर दिसत राहिलं.

वाटेत कँटीनच्या पायरीवर तिचा प्रोजेक्टमधला जोडीदार दिसला. सगळे त्याला पेंगूळ म्हणत. दप्तर उशाला घेऊन तो नावाला जागत होता.

"टायटल ब्लॉक कुठून आणलास तू?" ती धापा टाकत ओरडली.

"अं? उन्हाळ्यात ट्रेनिंगला होतो ना, त्या कंपनीचा. मस्त दिसतो. त्यांचा शिक्का पुसला मी, काळजी करू नकोस."

"शिक्का पुसलास, चिन्ह ठेवलंस! थर्ड अँगलचं आहे ते!"

पेंगूळ ताडकन उठून बसला. "पण तू सेटिंगमध्ये फर्स्ट अँगल केलं होतंस ना?"

"त्याने व्ह्यूज बदलतात. टायटल ब्लॉकमधलं चिन्ह नुसतं चित्र असतं, ते आपोआप कसं बदलेल?"

"मग तू तपासताना..." एवढं बोलून तो थांबला. बरंच झालं थांबला. तपासले या शब्दासमोर तिचंच नाव होतं. तेही पेंगूळने टाइप केलं होतं, सगळ्या चौकटी भरून टाकायच्या म्हणून, ती मापं तपासायला बसायच्या आधीच. तिने मापं तीनदा तपासली होती. टायटल ब्लॉक म्हणजे तिला नुसता भरायचा फॉर्म वाटला होता.

वर्कशॉपमध्ये धातू तासायच्या मिलिंग मशीनवर काम करणाऱ्या कारागिरांना पोरं मायक्रॉनकाका म्हणत. त्यांच्यासमोर कोणी एखाद्या मापाला "साधारण" म्हटलं, की ते बारीक मापं घ्यायचा वर्नियर त्याच्या हातात देऊन निघून जात. बिनचूक दारात पोचली तेव्हा मशीन बंद होतं. काका बाकावर बसून डब्यातली पोळी खात होते. मशीनच्या खाली चंदेरी कात्रणांचा ढीग पडला होता. आणि व्हाइसच्या जबड्यात धरलेला ठोकळा आता ठोकळा राहिला नव्हता. त्याचा स्वच्छ, चकचकीत एल झाला होता.

ती दारातच थबकली.

"काका," ती म्हणाली, "झाला?"

"घास गिळू दे." त्यांनी सावकाश गिळला, वर पाणी घेतलं, डब्याला झाकण लावलं. "किती वाजले?"

"पावणेदोन."

"मला वाटलं होतं बारापर्यंत येशील. उशीर केलास."

तिला काही कळेना. ती व्हाइसजवळ गेली. भिंत आहे, तळ आहे. भिंतीत भोक नाही. तळात बोल्टची भोकं नाहीत. चारही कोपरे शाबूत. तिने पुन्हा मोजले. चार.

"तुम्ही भोकं पाडली नाहीत."

"कोणत्या बाजूला पाडू ते सांग, मग पाडतो."

काकांनी भिंतीवर चिमटा लावून टांगलेली शीट काढली. चिन्हाच्या शेजारी पेन्सिलने ठळक प्रश्नचिन्ह काढलेलं होतं. मॅडमनी गोल केला होता त्याच जागी, पण चार तास आधी.

"हे बघ," ते म्हणाले. "तुझी पाटी म्हणते थर्ड अँगल. म्हणजे खालचं चित्र खालून बघितलेलं. बरोबर?"

"हो."

"खालून बघितलं तर तळ आडवा येणार. त्याच्या वरची भिंत झाकली जाणार, तिची कड तुटक रेघेने यायला हवी. तू तर सलग काढलीस. आणि ही बोल्टची डोकी बसायची खोबण, ती वरून आहे असं फ्रंट व्ह्यू सांगतो. खालून तीही तुटक दिसली असती. इथे भोक आणि खोबण, दोन्हींची वर्तुळं सलग. म्हणजे चित्र वरूनच बघितलेलं आहे. चित्र एक बोलतंय, पाटी दुसरंच."

"चित्र खरं आहे, काका. पाटी चुकली."

"मलाही तसंच वाटलं होतं."

"मग केलं का नाहीत?"

"वाटण्यावर मी ड्रिल लावत नाही." त्यांनी हात पुसायच्या फडक्याने टेबल झटकलं. "तुटक रेघा चुकून सलग काढणारी पोरंही बघितलीत मी. तुला फोन करणार होतो, पण या एवढ्या चौकटींमध्ये फोन नंबराला एक चौकट नाही. म्हटलं, येईल कोणीतरी धावत. येतातच. तोवर दोन्हीकडून वाचलं तरी सारखं येतं तेवढं उरकून घेतलं. सहा बाजू, आणि एलची पायरी. समोरचा व्ह्यू काही बदलत नाही ना."

बिनचूकचा जीव भांड्यात पडला. ती बाकावर टेकली. तिने डोक्यात पडताळून बघितलं. भोकं आणि कोपरा सोडला तर एल मागूनपुढून सारखाच. काकांनी ठोकळा धोक्यात न घालता निम्म्याहून जास्त काम संपवलं होतं.

"काका, तुम्ही..."

"आभार नकोत, शीट आण. दुरुस्तीची नोंद करून. आणि पेनाने खाडाखोड केलेली मी घेणार नाही."

कॉम्प्युटर लॅबमध्ये पेंगूळ आधीच येऊन फाइल उघडून बसला होता. डोळे टक्क उघडे.

"चिन्ह बदललं," तो हळूच म्हणाला. "शंकू डावीकडे, वर्तुळं उजवीकडे. वाचलो का आपण?"

"वाचलो. काकांनी ओळखलं."

पेंगूळने इतका मोठा श्वास सोडला की शेजारच्या पोराने वळून बघितलं. "मग मला शिव्या घाल ना. गप्प बसलीस की भीती वाटते."

"शिव्या अर्ध्याच तुझ्या. म्हणून नंतर घालते."

तिने वरून खाली एकेक चौकट वाचली. भागाचं नाव. मटेरियल. स्केल एकास एक. तारीख जुनीच राहिली होती, ती बदलली. दुरुस्तीच्या तक्त्यात पहिली ओळ लिहिली, चिन्ह बदलले, दृश्ये तीच. मग तपासले या शब्दासमोरचं नाव तिने पुसलं.

"ते कशाला?" पेंगूळने विचारलं.

"रिकामं ठेव."

छापताना पेंगूळने चित्र लहान करून कागदाच्या मापात बसवायचा पर्याय निवडायला हात नेला आणि तिच्याकडे बघून मागे घेतला. कागद बाहेर आल्यावर तिने तळाच्या लांबीवर पट्टी ठेवली. एकशेवीस म्हणजे एकशेवीसच. मग चिन्ह बघितलं, व्ह्यूज बघितले, पुन्हा चिन्ह बघितलं, आणि रिकाम्या चौकटीत स्वतःच्या हाताने सही केली. मॅडमनी तिच्या खाली आपली सही ठोकली आणि एवढंच म्हणाल्या, "पळ."

या वेळी ती पळाली नाही. चालत गेली.

मायक्रॉनकाकांनी शीट उजेडात धरली. आधी कोपरा बघितला, मग चित्र. नजर परत कोपऱ्यात आली.

"हे नाव हाताने? प्रिंटर बिघडला काय?"

"नाही, काका. या वेळी आधी तपासलं, मग लिहिलं."

काकांनी नवी शीट चिमट्याला लावली, जुनीवर आडवी रेघ मारली आणि खणात टाकली. मग मार्किंगचा निळा रंग लावून एलच्या मागच्या कडेपासून अंतर मोजायला लागले.

"कुठे उभी आहेस? उजेड अडतोय. चारला ये."

बाहेर पायरीवर बसून बिनचूकने डबा उघडला. सकाळपासून तो दप्तरात तसाच होता. पहिल्या घासाबरोबर आत मशीन सुरू झालं. तिने कान दिला. ड्रिलचा आवाज आधी जाड, मग बारीक झाला, आणि मागच्या बाजूचं पहिलं भोक आरपार गेलं.