कान मोकळे असलेला डॉक्टर

शिवलिंगप्पांनी मुलाचा फोटो टेबलावर टाकला आणि निकाल देऊन टाकला, "हा डॉक्टर न्हाई. सोंग हाय सोंग!"

केजच्या बसस्टँडमागे त्यांचं मेडिकल आणि सर्जिकलचं दुकान. दुकानात त्यांचा आवाज असायचा, आणि बाकीचं सगळं त्यांची मुलगी ईश्वरी बघायची. डी. फार्म. झाल्यापासून दोन वर्षं काउंटर तिचाच होता. फोटो तिच्यासाठी आला होता. अमरनाथमामांनी सिरसाळ्याचं स्थळ आणलं होतं. मुलगा वीरेश, तिथंच दवाखाना चालवणारा. मामा फोटो घेऊन सकाळच्या जीपनं आले ते सरळ दुकानातच.

"कावून न्हाई?" मामा चिडले. "पांढरा कोट हाय, पेशंट हाय, बीपी तपासतोय की."

"तेच तर!" अप्पांनी फोटोवर बोट आपटलं. "दंडाला पट्टा बांधलाय, हातात रबरी फुगा हाय, आणि हे बघा, बाजूला गोल डायल. म्हणजे काट्याचं मशीन. ॲनेरॉइड. काटा नुसता दाब दाखवतो. वरचं किती, खालचं किती, ते कानानं धरावं लागतं. कोपराच्या आतल्या बाजूला स्टेथो ठेवायचा, हवा सोडत ठोका कधी सुरू झाला न् कधी थांबला ते ऐकायचं. आता ह्याचे कान बघा!"

सगळ्यांनी वाकून वीरेशचे कान बघितले. कान चांगले होते, पण मोकळे होते. स्टेथोस्कोप गळ्यातही नव्हता, मांडीवरही नव्हता.

जेवणाचा डबा घेऊन आलेल्या ईश्वरीच्या आई, नीलम्मा, म्हणाल्या, "फोटोसाठी बसला असंल बिचारा."

"फोटोसाठी बसतोय तो पेशंटसाठी पण तसाच बसंल!"

मामांना स्थळ हातचं जाताना दिसलं. ते घाईनं म्हणाले, "दाजी, तुमी जुन्या काळातले. हे मनगटी मशीन हाय. पुण्याला लई चालतंय. पेशंटच्या मनगटावर काळं बघा ना. त्याला स्टेथो लागत न्हाई, आपोआप फुगतंय, आपोआप आकडा देतंय."

अप्पा दचकले. कंपनीच्या एजंटनं दिवाळीत तसलं एक मशीन दुकानात ठेवून दिलं होतं. गिऱ्हाईक त्याला घड्याळ समजायचे आणि गजर वाजतो का विचारायचे.

ईश्वरी इतका वेळ गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध देत होती. ते देऊन ती आली. फोटोतल्या माणसाकडे बघायला तिला सगळ्यांसमोर लाज वाटत होती, पण मशीनकडे बघायला कसली लाज? तिनं चष्म्याच्या खोक्यातलं भिंग काढलं.

"मामा, मनगटी न्हाई हे. त्याला नळी नसती, फुगाही नसतो. पट्टा आणि डबी एकच, सगळं मनगटावर. आणि डबी तळहाताच्या बाजूनं येती. इथं काळं वरच्या बाजूला हाय, पट्टा बोटभर रुंद. पेशंटचं घड्याळ हाय ते."

मामांचा चेहरा पडला. अप्पा फुशारले. "बघ! मी काय म्हणालो?"

"अप्पा, पण काट्याचंही न्हाई."

"अगं, फुगा दिसतोय की डोळ्यांपुढं!"

"फुगा असला म्हणून काट्याचं होत न्हाई." ती उठली आणि कपाटातून दुसरा एक खोका घेऊन आली. त्यात दंडाला बांधायचं डिजिटल मशीन होतं, हातानं हवा भरायचं. "ह्याला पण फुगा हाय. हवा आपण भरायची, मोजायचं काम डबीचं, स्टेथो लागत न्हाई. म्हणून फुगा बघू नका, नळी कुठं जाती ते बघा. काट्याच्या मशीनमधे डायल नळीला नाहीतर फुग्याला जोडलेली असती, कधी पट्ट्याला अडकवलेली. फोटोतली गोल डायल कशाला जोडलीय?"

अप्पांनी भिंग घेतलं. डायल कशालाच जोडलेली नव्हती. टेबलावर आपली एकटी बसली होती. पट्ट्याची नळी आणि फुग्याची नळी, दोन्ही पेशंटच्या कोपरामागं एकाच जागी शिरत होत्या. तिथं करड्या प्लॅस्टिकचा एक कोपरा तेवढा दिसत होता.

"आणि काटे मोजा," ईश्वरी म्हणाली.

"दोन," अप्पा हळूच म्हणाले.

"बीपीच्या डायलला एक असतो."

मामा मोठ्यानं हसले. "दाजी, टेबलावरच्या घड्याळानं बीपी मोजत होता तुमी!"

अप्पांना हरणं जमत नसे. "डबी कुठं दिसतीय? नुसता कोपरा! आणि तू कावून एवढी वकिली करतीस त्याची?"

"मी मशीनची करतीय," ईश्वरी म्हणाली, पण तिचे कान तापले. नीलम्मांनी ते बघितलं आणि डब्याचं झाकण लावत भावाला म्हणाल्या, "अमर, रविवारी बोलाव त्याला."

रविवारी वीरेश आईला, सुंदरबाईंना, घेऊन आला. दुकानामागच्या घरात पोहे आले. पोह्यांच्या बशा खाली ठेवायच्या आत अप्पांनी तिन्ही मशीनं त्याच्यापुढं मांडली. "फोटोत कुठलं होतं?"

ईश्वरीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पाहुणा उठून जाईल याची तिला खात्री वाटली. वीरेशनं मात्र शांतपणे दंडाच्या डिजिटलवर बोट ठेवलं. "हे. माझ्या मामांनी नवीन घेतलं होतं. मशीनसकट फोटो काढ म्हणून दवाखान्यात येऊन बसले. मी फोटोग्राफरला म्हणलं, डबी पुढं घे, तर तो म्हणाला, डबी काय बघायची, चेहरा दिसू द्या."

सुंदरबाई म्हणाल्या, "एवढा एकच फोटो हाय त्याचा हसरा."

"म्हंजे डबी सांगंल ते खरं?" अप्पांचा आवाज चढला. "कानाची गरज न्हाई? मग तुमी शिकलात कशाला? उद्या डबीच औषध देईल, मग आमचं दुकान..."

बोलता बोलता त्यांचा चेहरा लालबुंद झाला. वीरेश त्यांच्याकडं बघत होता. "अप्पा, तुमचं कधी तपासलंय?"

नीलम्मा म्हणाल्या, "दुकानात एवढी मशीनं, पण ह्यांच्या दंडाला एक लागलं न्हाई."

वीरेशनं पिशवीतून स्टेथोस्कोप काढला आणि समोरचं काट्याचं मशीन उचललं. "पाठ टेकून बसा. पाय जमिनीला. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. आणि पाच मिनिटं बोलायचं न्हाई."

"पण मी काय म्हणतो..."

"बोललं की आकडा चढतो."

अप्पांनी तोंड मिटलं. घरात असली शांतता कुणी ऐकली नव्हती. बाहेर एसटी गेली, शेजारचा रेडिओ स्पष्ट ऐकू आला. नीलम्मा पदर तोंडाशी धरून नवऱ्याकडं बघत राहिल्या आणि त्यांना गप्प बसवणाऱ्या वीरेशकडं बघून तर त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

ईश्वरी त्याच्या हातांकडं बघत होती. त्यानं मनगटाची नाडी धरून पट्टा फुगवला, नाडी लागेनाशी झाली तसं हवा सोडून दिली. थोडं थांबून स्टेथो जागेवर ठेवला, पुन्हा हवा भरली, मग हळूहळू सोडत गेला. घाई नव्हती. दिखावाही नव्हता.

"एकशे बावन्न, चौऱ्याण्णव," तो म्हणाला. "थोडं जास्त हाय. पण एकदा मोजून काही ठरवायचं नसतं. आणखी दोन-तीन दिवस, असंच शांत बसून, पुन्हा बघू."

"कुणी बघायचं?" अप्पांनी विचारलं. आवाज निम्म्यावर आला होता.

वीरेश पहिल्यांदा ईश्वरीकडं वळला. "ह्यांना येतंच असंल."

"येतं," ती म्हणाली. "पण अप्पा माझ्यापुढं गप्प बसत न्हाईत."

"मग त्यांनीच यावं," नीलम्मा एकदम बोलल्या. "रोज आले तरी चालंल." आणि कुणी काही म्हणायच्या आत त्या सुंदरबाईंच्या बशीत आणखी पोहे वाढायला लागल्या.