दोघांच्या हयातीचा दाखला

पेन्शन जमा झाली नाही हे घरात सगळ्यांत आधी मुलीला कळलं. असं होणार हे गोटीरावांना आधीपासूनच ठाऊक होतं, पण चेहऱ्यावर त्यांनी तसं काही दिसू दिलं नाही.

"बाबा, बँकेचा मेसेज आलाय." मुलगी मोबाईल हातात नाचवत स्वयंपाकघरातून बाहेर आली. "हयातीचा दाखला न मिळाल्यामुळे पेन्शन थांबवली आहे म्हणे. तुम्ही दिला होतात ना दाखला?"

"दिला की." गोटीरावांनी वर्तमानपत्र तोंडासमोर आणखी थोडं वर धरलं.

"कधी?"

"नोव्हेंबरात. दरवर्षी देतो तेव्हा."

मुलीने वर्तमानपत्र खाली ओढलं. "रोज सकाळी दाढी करून, भांग पाडून, बँकेत जातो म्हणून निघत होतात. अख्खा महिना कुठे जात होतात?"

आता खरं सांगायचं तर गोटीराव बँकेतच जात होते. म्हणजे बँकेच्या दारापर्यंत. दाराबाहेर सुरक्षारक्षकाच्या खुर्चीशेजारी एक बाक होता, त्यावर ते दुपारपर्यंत बसायचे आणि जेवायच्या वेळेला घरी यायचे. सुरक्षारक्षकाला वाटलं, म्हाताऱ्याला घरात करमत नसेल. त्याने एकदा अर्धा कप चहाही पाजला. पण आत काही ते गेले नाहीत, आणि नोव्हेंबर त्यांच्यासाठी थांबला नाही.

"बरं, राहिला तर राहिला," मुलीने समजुतीने घेतलं. "आत्ताच्या आत्ता मोबाईलवर करून टाकू. तुम्ही फक्त चेहरा दाखवायचा, डोळे मिचकावायचे, की झालं. बँकेतसुद्धा जायला नको."

"मी काय कुणाला डोळे मारणार नाही," गोटीराव म्हणाले आणि चपला घालून निघाले.

या हट्टाला एक कारण होतं, पण ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. गोटीरावांची सगळी नोकरी अग्निशमन दलात गेली. उंचीने बेताचे म्हणून गोटी, आणि त्यांचा जोडीदार ताडमाड म्हणून खांब. बंबावर दोघांची जोडी अशी काही जमली होती की, साहेब बदलले, बंब बदलले, पण जोडी कुणी फोडली नाही. जळत्या घरात शिरायचं तर दोघांनी शिरायचं आणि बाहेर यायचं तर दोघांनी, हा त्यांच्या कामाचा पहिला नियम. धुरात हाताला हात दिसत नाही, ओरडलेलं ऐकू येत नाही, म्हणून दोघांच्या मध्ये दोर असायचा. एक हिसका दिला की 'मी आहे, चालू दे.' लागोपाठ तीन दिले की 'ओढ मला.' तीन हिसके देण्याची वेळ दोघांवरही आली होती, आणि दोघंही एकमेकांना ओढून बाहेर घेऊन आले होते.

निवृत्तीनंतर दोघांनी तोच नियम बँकेला लावला. नोव्हेंबर आला की बाकावर भेटायचं, बरोबर आत शिरायचं, पेन्शनच्या टेबलावरच्या बाईंसमोर शेजारी शेजारी बसायचं आणि सह्या ठोकून बरोबरच बाहेर पडायचं. खांब दरवर्षी तोच विनोद करायचा: "बाई, याला नीट बघून घ्या हं. हा अर्धाच आलाय, अर्धीच पेन्शन द्या." बाई दरवर्षी नव्याने हसायच्या. देवमाणूस बाई.

खांबाला बायको-मुलं नव्हती. गुडघे अगदीच बोलायला लागले तेव्हा उन्हाळ्यात तो पुतण्याकडे राहायला गेला, शहराच्या दुसऱ्या टोकाला. रोज फोन यायचा. मग एक दिवस आला नाही. दुसऱ्या दिवशी गोटीरावांनी केला, तर फोन बंद लागला. पुढे तो बंदच राहिला. पत्ता खिशात होता. दोन बस बदलल्या की पोचता येणार होतं. पण आगीत उडी घेणाऱ्या या माणसाची त्या दोन बस बदलायची हिंमत होईना. जाऊन काय ऐकायला मिळेल याची त्यांना भीती वाटत होती, आणि बाकावर बसून राहिलं तर निदान तो येतोय असं तरी म्हणता येत होतं.

आज मात्र ते तडक आत गेले. बाईंनी त्यांना पाहून पेन खाली ठेवलं.

"काका! अहो, मी किती वाट बघितली. मला वाटलं..."

"माझी पेन्शन गेली का हो?" गोटीरावांनी विचारलं.

"गेली कशाला? नुसती थांबलीय. नोव्हेंबरात दाखला आला नाही की डिसेंबरपासून आपोआप थांबते. आज दाखला द्या, पुन्हा चालू होईल, आणि मधली थकलेली सगळी मिळेल. एक पैसा बुडत नाही. फार लांबवलंत, वर्षानुवर्षं, तर मग वरून मंजुरी आणावी लागते, नि ती भानगड मोठी. तुमचं तर काहीच नाही. करा सही."

गोटीरावांनी अर्जाकडे पाहिलं नाही. "त्याचा आलाय का?"

कोण ते बाईंना सांगावं लागलं नाही. पण त्यांनी मान हलवली. "काका, एकाच्या खात्याचं दुसऱ्याला सांगता येत नाही मला. तुम्ही तुमचा तर द्या."

"एकट्याचा नाही देणार."

"असं काय करता लहान मुलासारखं? त्यांना बरं नसेल. अंथरुणाला खिळलेल्या माणसाने इथे यायची गरजच नसते. घरच्यांनी कळवलं की आमच्यापैकी कुणीतरी घरी जातं. सही येत नसेल तर अंगठा चालतो. बोलता येत नसलं तरी चालतं. माणूस आहे, एवढं आम्ही आमच्या डोळ्यांनी बघायचं असतं." बाई टेबलावर पुढे झुकल्या. "एक विचारू? तुमच्या कामात जोडीदार आत राहिला आणि बाहेर आला नाही, तर तुम्ही काय करायचात? बाहेर बसून राहायचात?"

बाईंनी ते अगदी साधेपणाने विचारलं, टोमणा म्हणून नाही. पण गोटीरावांचे कान तापले. ते उठले आणि बसच्या थांब्यावर जाऊन उभे राहिले.

पुतण्याचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दार पुतण्याच्या बायकोने उघडलं. तिच्या हातात ओला फडका होता आणि डोळ्यांखाली काळी वर्तुळं. गोटीरावांनी नाव सांगायच्या आधीच तिने ओळखलं. "तुम्ही गोटीकाका ना? मामंजी सारखं तुमचंच सांगायचे. या."

'सांगायचे' या शब्दावर गोटीरावांचे पाय उंबऱ्यातच थिजले. पण तिने आतल्या खोलीकडे हात केला. खिडकीपाशी पलंग होता आणि पलंगावर खांब होता. होता, एवढंच. उजवी बाजू गेली होती, तोंड एकीकडे ओघळलं होतं, आणि एवढा मोठा माणूस चादरीखाली पोरासारखा दिसत होता.

"सप्टेंबरात झटका आला," ती सांगू लागली. "हातातून मोबाईल पडला तो फुटलाच. वाचाही गेली. डॉक्टर म्हणतात, डाव्या बाजूला ताकद आहे, समजतं बहुतेक. पण खूण काही करत नाहीत. नुसते छताकडे बघतात." तिने आवाज खाली आणला. "व्यायाम शिकवायला बाई येत होत्या, त्या बंद केल्या. पेन्शन बंद झाली ना. हे गेले होते चौकशीला, तर खिडकीवरच्या कुणीतरी सांगितलं, माणूस समोर आणा. आता तिसऱ्या मजल्यावरून मामंजींना कसं नेणार? आम्ही समजलो, गेली ती पेन्शन."

"गेली नाही," गोटीराव म्हणाले. "थांबलीय फक्त. आणि माणूस नेता येत नसेल तर बँक घरी येते. तसा नियम आहे." मग ते पलंगाशी वाकले. "काय रे खांबा? मी आलोय."

खांब छताकडे बघत राहिला. गोटीराव बराच वेळ बोलत होते, जुन्या आगींचं, जुन्या साहेबांचं, बाईंच्या हसण्याचं. ऐकणारा ऐकतोय की नाही तेच कळेना. घरी परतताना बसमध्ये त्यांना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही.

पुतण्याने अर्ज दिला आणि दोन दिवसांनी बाई स्वतःच आल्या. तीन मजले चढून त्यांना धाप लागली होती. गोटीराव आधीच येऊन बसले होते, दाढी करून, भांग पाडून. बाईंनी कागद काढले, पेन्शनच्या कागदावरचा फोटो पाहिला, मग पलंगावरचा चेहरा पाहिला. दोन्हींत फार अंतर पडलं होतं.

"काका, मला ओळखलंत का?" बाईंनी विचारलं.

खांबाची नजर छतालाच होती.

"बघा, अंगठा मी डाव्या हाताचा घेते. श्वास चाललाय, मी समोर बघतेय, नियमाला तेवढं पुरतं," बाई हळूच म्हणाल्या. त्यांनी खांबाचा हात उचलायला हात पुढे केला.

"थांबा," गोटीराव म्हणाले. नियमाला पुरत होतं, पण त्यांना पुरत नव्हतं. खांब आत आहे की नाही हे त्यांना कळायला हवं होतं, आणि बाहेरून हाका मारून ते कळण्यासारखं नव्हतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. खिडकीला कपडे वाळत घालायची दोरी होती. ती त्यांनी सोडली. दोरीचं एक टोक त्यांनी खांबाच्या डाव्या हातात ठेवलं आणि त्याची बोटं एकेक करून त्यावर मिटली. दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं आणि ते दारापर्यंत मागे गेले, दोरी ताठ होईपर्यंत.

"खांबा," ते म्हणाले. "मी बाहेर उभा आहे. तुझं काय?"

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती चालू होत नव्हती. बाईंनी हातातला कागद छातीशी धरला होता. गोटीरावांना वाटलं, उगाच हा खेळ मांडला. लोकांसमोर त्या बिचाऱ्याची परीक्षा घेतली. त्यांनी दोरी सैल सोडायला हात खाली आणला.

मनगटाला हिसका बसला. एकच. आणि जुन्या काळी धुरात बसायचा तसा, वेळ न काढता, जोरकस.

गोटीराव वाट बघत राहिले. दुसरा आला नाही, तिसरा आला नाही. पलंगावर खांबाचे डोळे छतावरून खाली आले होते आणि दाराकडे, त्या बुटक्या म्हाताऱ्याकडे बघत होते.

"काय झालं? काय म्हणाले?" बाईंनी विचारलं.

"आहे म्हणतोय." गोटीराव म्हणाले. "लिहा, बाई. आहे म्हणतोय तो, चालू दे म्हणतोय."

बाईंनी अंगठा घेतला, खाली आपली सही केली आणि डोळे पुसले. मग दुसरा कागद काढून त्या दाराकडे वळल्या. गोटीरावांनी दोरी सोडली नाही. ती मनगटाला तशीच ठेवून त्यांनी दुसऱ्या हाताने पेन मागितलं.

"आता माझा घ्या," ते म्हणाले.