रिकाम्या खुर्चीचे सव्वीस घनफूट

सामान हलवणाऱ्या कंपनीचा मापवाला दुपारी आला तेव्हा घर अर्धं निघून गेल्यासारखं दिसत होतं. भिंतीशी खोकी रचलेली, मोठी चोवीस आणि छोटी वीस. त्याने मोजली, पुन्हा मोजली आणि टेप काढली.

"एकाच खेपेत बसलं पाहिजे हं," मुलगी म्हणाली. "आईला आता फारसं आठवत नाही. रात्री निजताना नव्या घरात तिची खोली जशीच्या तशी लागलेली नसली, तर घाबरून जीव अर्धा होईल तिचा."

गल्लीत चौदा फुटी गाडीच तेवढी वळत होती. आत चौदा लांब, सहा रुंद, सहा उंच, म्हणजे पाचशे चार घनफूट. पण सामान काही पाण्यासारखं कोपऱ्यात शिरत नाही. शंभरातले पंधरा तो पोकळीला सोडून द्यायचा. हाताशी उरायचे चारशे अठ्ठावीस.

पलंग सुटा करून, कपाटं उभी, सोफा आहे तसा. मोठं खोकं साडेचार घनफूट, छोटं दीड. बेरीज चारशे बारा आली.

"बसतंय, ताई."

"आणि ह्यांची खुर्ची?" आतून आवाज आला.

आई खिडकीपाशी उभी होती. समोर मोकळी फरशी. मापवाल्याने मुलीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

"बाबा गेले तीन वर्षांपूर्वी," ती हळूच म्हणाली. "खुर्ची मीच भंगारात दिली. हिला विचारलं नाही."

"कुजबुजता काय? त्यांना ऐकू येतं," आई म्हणाली. "घे रे बाळा माप. त्यांना उठवू नकोस मात्र."

फरशीवर चार पायांचे चार पुसट डाग होते. मापवाल्याने डागांवरून टेप फिरवली. तीन फूट, अडीच फूट.

"उंची, आजी?"

आईचा हात एरवी पानासारखा थरथरायचा. तो तिने हवेत धरला, पाठीवर टेकवावा तसा, आणि हात थांबला. बिलकूल हलेना. मापवाल्याने फरशीपासून तळव्यापर्यंत मोजलं. साडेतीन. खोलीत उकडत होतं. तेवढ्या जागेत मात्र त्याच्या मनगटाला गार लागलं.

"सव्वीस घनफूट," तो पुटपुटला. चारशे अडतीस झाले. दहा जास्त.

"लिहू नका," मुलगी म्हणाली. "नसलेल्या वस्तूपायी असलेल्या टाकायच्या का?"

"मग मी इथेच," आई म्हणाली आणि फरशीवर बसली. "त्यांना एकटं सोडून कुठे जाऊ?"

मापवाल्याच्या वीस वर्षांत असा हट्ट आला नव्हता. हसून उडवून लावता आलं असतं. पण तो उकिडवा बसला आणि कागद गुडघ्यावर घेतला. जेवणाच्या चार खुर्च्या त्याने सुट्या धरल्या होत्या, सत्तावीस घनफूट. एकीवर एक उलटी घातली तर जोडीला नऊ, दोन जोड्यांना अठरा. तिथे नऊ सुटले. आईच्या टेबलाच्या पायांमध्ये तीन छोटी खोकी सरकली, की आणखी साडेचार. चारशे पंचवीसच्या आत आलं.

यादीत त्याने लिहिलं: खुर्ची, एक.

"बसले बाबा," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याला मागाहून उमगलं.

निघायच्या सकाळी तो स्वतः गाडीपाशी उभा राहिला. मागच्या दाराशी, डाव्या अंगाला, तीन बाय अडीचची जागा खडूने आखून दिली. बाकी सगळं मापात बसलं. पण निघायच्या वेळी प्रत्येक घर दोन-चार खोकी जास्तीची काढतंच. इथेही तीन निघाली. दोन फटींतून बसली. तिसरं हमालांच्या मुकादमाने सरळ त्या रिकाम्या जागेत ठेवलं.

खोकं सरकून बाहेर आलं.

"गाडी तिरकी आहे काय?" मुकादम म्हणाला. गाडी सपाट रस्त्यावर होती. त्याने पुन्हा ठेवलं. पुन्हा अलगद, कुणी पायाने लोटावं तसं, ते त्याच्या हातात परत आलं. मुकादमाच्या कपाळावर घाम दिसला. "साहेब, दोर मारून आवळू का?"

मापवाल्याने घराकडे पाहिलं. आई दारात येऊन उभी होती, उंबऱ्याच्या आत. त्या जागेकडे बघत होती, घरात परत वळायच्या बेतात.

मुलगी पुढे झाली.

"द्या ते इकडे." तिने खोकं मुकादमाच्या हातातून घेतलं. "तिथे जागा नाही. भरलंय ते."

मग तिने रिकाम्या जागेकडे पाहिलं. तीन वर्षं जे ओठांवर येत नव्हतं ते आलं, अगदी बारीक आवाजात, "चुकले मी, बाबा."

आईने उंबरा ओलांडला. कुणाचाही हात धरला नाही. गाडीच्या मागच्या दाराशी क्षणभर थांबून तिने आत पाहिलं, "वळणावर धरून बसा," म्हणाली आणि पुढे उभ्या असलेल्या मोटारीत जाऊन बसली. मुलगी तिच्या शेजारी, खोकं मांडीवर घेऊन.

मुकादमाने दार लावलं, हळू, निजलेल्या माणसाच्या खोलीचं लावतात तसं.