शून्यापासूनचे खांब

निवृत्त गणित शिक्षकाचं पत्र संपादकांनी मोठ्याने वाचलं : “मतं एक्कावन्न आणि एकोणपन्नास टक्के. पण तुमच्या आलेखातले खांब अठ्ठेचाळीसपासून सुरू होतात, म्हणून विजेता तिप्पट उंच दिसतो.”

“जागा कमी होती, साहेब,” आलेख काढणारा पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी शून्यापासूनचा आलेख छापला. खांब जवळपास सारखेच दिसले.

दुपारी विजेत्याची माणसं सळ्या घेऊन आली. “आमच्या भाऊंना बुटकं करता काय रे?” म्हणत त्यांनी काचा फोडल्या आणि संपादकांचा उजवा हात मोडला. “उद्या जुना आलेख छापायचा, नाहीतर दुसराही जाईल!”

दुसऱ्या दिवशीच्या अंकात नवाच आलेख आला. ‘संपादकांचे शाबूत हात : परवा दोन, काल एक.’ खाली टीप होती, ‘खांब शून्यापासून.’