क्रेमाखालची चव

मानपाड्याच्या एमआयडीसीत त्र्यंबककाकांचा कॉफी भाजायचा छोटा कारखाना होता. ऋजुता त्यांच्याच हाताखाली शिकली आणि पुढे भागीदार झाली. ठाण्यातल्या कॅफेंना माल जायचा. पण काकांनी एस्प्रेसो काढून, चाखून होकार दिल्याशिवाय एक पिशवी हलत नसे.

त्या सकाळी त्यांनी ठाण्याला जाणारा माल नापास केला. कपावरचा क्रेमा, तो फेसाचा थर, फिकट आणि विरळ होता. बघता बघता मधोमध फाटला.

"गेलाय हा. बाजूला काढ."

ऋजुताने घोट घेतला. संत्र्यासारखी स्वच्छ, आंबटगोड चव. ती बुचकळ्यात पडली.

मग काकांनी कल्याणच्या एका व्यापाऱ्याने पाठवलेल्या स्वस्त नमुन्याचा कप काढला. वर दाट, काळपट तपकिरी साय. काका पिऊन म्हणाले, "वा! हे घेऊ या."

तिने चाखला आणि तोंड कडू झालं. जळलेलं रबर. तिला वाटलं, काका थट्टा करताहेत. पण ते गंभीर होते.

हेच काका तिला पूर्वी रागवायचे. "फेसाला भुलू नकोस गं. भाजताना दाण्यात वायू अडकतो, मशीनच्या दाबाने तो बाहेर येतो, त्याचा हा फेस. माल ताजा भाजलेला की फेस जाड, मुरला की पातळ. रोबस्टा जातीचा दाणा असेल तर आणखी दाट आणि टिकाऊ. जास्त भाजलं की रंग गडद. यातल्या कुठल्याच गोष्टीवरून चव चांगली की वाईट ते कळत नाही."

ठाण्याचा माल हलका भाजलेला, तीन आठवडे मुरलेला, अरेबिका जातीचा होता. नमुना कालच करपवलेला, बहुतेक रोबस्टाच. काकांना हे न कळणं शक्यच नव्हतं.

तिने दोन्ही कप पुन्हा काढले, चमच्याने फेस उचलून टाकला आणि कप त्यांच्यासमोर ठेवले.

"काका, यातला ठाण्याचा कुठला?"

त्यांनी एक प्यायला, दुसरा प्यायला. परत पहिला. मग दोन्ही कप बाजूला सारले.

"कधीपासून?" तिने हळूच विचारलं.

"फाल्गुनात ताप आला होता ना, तेव्हापासून." ते मान खाली घालून बोलत होते. "वासच येत नाही गं, चवही कळत नाही. डॉक्टर म्हणतात, येईल कदाचित. वाटलं, डोळ्यांवर निभावून नेईन."

"मला सांगायचंत."

"काय सांगू? चाखता येत नाही, तर इथे माझं काम काय?"

तिने खुर्ची ओढली आणि त्यांच्या शेजारी बसली. बाहेर ट्रक उभा होता. ड्रायव्हर दोनदा डोकावून गेला.

बऱ्याच वेळाने काकांनी कल्याणच्या नमुन्याचा कप स्वतःच मोरीत ओतला. ठाण्याचा माल ऋजुताच्या होकारावर गेला.

दुसऱ्या दिवशी काका येतील की नाही, याची तिला खात्री नव्हती. ते आले, जरा उशिरा. तिने एस्प्रेसो काढला, तेव्हा ते कपाकडे न बघता म्हणाले, "चव कशी आहे, सांग. सावकाश सांग."

ती सांगू लागली. काकांनी डोळे मिटून घेतले.