तीनच उजळण्या

राजारामपुरीतल्या अभ्यासिकेत तुम्ही किती शिकलाय हे कुणी विचारत नाही. कितवी उजळणी चाललीय, तेवढं विचारतात. राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेला सत्तर दिवस राहिले तेव्हा अनुजाने टेबलासमोर कागद चिकटवला: पाच उजळण्या, प्रत्येकी चौदा दिवस. हिशेब मोठा देखणा होता.

शेजारच्या टेबलावर बसणारी जयसिंगपूरची आदिती चहाला जाताना तो वाचून थांबली.

"गेल्या वर्षीपण पाचच होत्या की गं?"

"व्हय. औंदा नेटानं करणार हाय. ही शेवटची परीक्षा. न्हाय जमलं तर बिद्रीला मामांच्या दुकानात बसायचं, आबांना शब्द दिलाय."

टपरीवर आदितीने विचारलं, "गेल्या वर्षी इतिहास कितीदा झाला?"

"पाचदा."

"आणि विज्ञान?"

अनुजा चहा फुंकत बसली. चहा कधीच गार झाला होता.

वेळापत्रक जरा घसरलं की ती नवा कागद घ्यायची आणि पुन्हा इतिहासापासून सुरुवात करायची. मोडलेली उजळणी तशीच पुढं नेणं तिला उष्ट्या ताटात जेवल्यासारखं वाटायचं. इतिहास तोंडपाठ झाला होता. विज्ञान मात्र शेवटच्या आठवड्यात, तेही पळत पळत.

"एकदा सगळं वाचायला खरं किती दिवस लागतात तुला?"

"तीसेक."

"मग चौदात कसं कोंबणार?"

"समोरचा धैर्यशील सात करतोय."

"करू दे की. तुझ्या पेपराला तो बसणाराय व्हय?"

अनुजा रुसली, पण संध्याकाळी दोघींनी मिळून नवं मांडलं. पहिली उजळणी तीस दिवस, खुणा आणि छोट्या टिपणांसह. त्या टिपणांवर दुसरी पंधरा दिवसांत, आणि ती विज्ञानापासून. तिसरी आठ दिवसांची, परीक्षेला अगदी टेकून. मधे जुने पेपर सोडवायचे. काय विसरलं ते तिथंच कळतं.

"सतरा दिवस उरले," अनुजाचे डोळे चमकले. "चौथी बसती की."

"ते जुन्या पेपरांचे, आणि घसरायचे."

"घसरायचं आधीच ठरवून ठेवायचं?"

"तू घसरतीसच की."

तिसऱ्या आठवड्यात अनुजा गडमुडशिंगीला घरी गेली आणि तापाने चार दिवस अंथरुणात काढले. परत आली तेव्हा राज्यघटना अर्धी, आदिती गावी गेलेली. अनुजाने कोरा कागद काढला. वर 'इतिहास' असं लिहिलंसुद्धा. बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली. मग राखीव दिवसांतले चार खोडले आणि राज्यघटना जिथं सुटली होती तिथून उघडली. दिवसभर मन खट्टू होतं, पण रात्रीपर्यंत पानं पुढं सरकली होती.

परीक्षेच्या आदल्या दिवशी घरून आबांचा फोन आला.

"झाल्या का पाच?"

"तीन झाल्या, आबा."

"तीनच? मग गं?"

"मग काय न्हाय. या वेळी शेवटापर्यंत झाल्या."